नुसत्या नावाने इसिसॉरस येत नाही

चित्र काढणाऱ्या एआयला 'डायनासोर' एवढेच सांगितले की बहुतेक वेळा तोच देखावा समोर येतो. तोंड वासून डरकाळी फोडणारा मांसाहारी, ओठांबाहेर आलेले दात, मागे धूर ओकणारा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी, पायाशी नेचे आणि सगळीकडे नारिंगी धुके. यातली कोणती गोष्ट कुठून आली तेही ओळखू येते. डरकाळी 1993च्या 'जुरासिक पार्क'ची, ज्वालामुखी मुलांच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरचा आणि मगरीसारखी खवल्यांची कातडी दुकानातल्या प्लास्टिकच्या खेळण्यांची. यंत्र डायनासोरांच्या चित्रांवर शिकलेले आहे. त्यामुळे ते जे काढते ते त्या सगळ्या चित्रांचे सरासरी रूप असते.

आणि त्या चित्रांच्या ढिगात तर पावणेदोनशे वर्षांची मते एकमेकांत कालवलेली आहेत. 1854 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेसाठी बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स यांनी घडवलेला इग्वानोडॉन गेंड्यासारखा चार पायांवर उभा आहे. त्याच्या अंगठ्याचे टोकदार हाड नाकावर शिंग म्हणून बसवलेले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे डायनासोर शेपूट जमिनीवरून फरफटत चालले आणि लांब मानेचे सॉरोपॉड अंगाचा भार पेलवत नाही म्हणून दलदलीत डुंबत राहिले. 1969 साली जॉन ऑस्ट्रॉम यांनी डाइनोनिकसचे वर्णन प्रसिद्ध केले आणि चपळ, पाठ आडवी ठेवणारा, शेपटीने तोल सांभाळणारा प्राणी चित्रात शिरू लागला. 1996 साली चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या अंगावर पिसांसारखे तंतू दिसले. 2012 साली जॉन कॉनवे, सी. एम. कोसेमेन आणि डॅरेन नेश यांच्या 'ऑल यस्टरडेज' या पुस्तकाने चित्रकारांना फटकारले, की तुम्ही हाडांवर नुसती कातडी ताणून बसवता, चरबी आणि स्नायू विसरता. ही चित्रे पाहताना माणसाला कोणते जुने आणि कोणते नवे हे सांगता येते. यंत्रापुढे मात्र ती सगळी एका पंगतीला बसलेली असतात, आणि जुनी संख्येने जास्त असतात.

म्हणून डायनासोरच्या प्रॉम्प्टचे खरे काम यंत्राला त्याच्या सवयीच्या चित्रापासून दूर ओढणे हे आहे. सध्या प्रॉम्प्ट लिहिणारे बहुतेक जण याच्या उलट करतात. ते प्राण्याचे शास्त्रीय नाव अचूक लिहितात, त्यापुढे 'वास्तववादी', 'शास्त्रीयदृष्ट्या अचूक' असे दोन शब्द जोडतात आणि निश्चिंत होतात. हे का फसते ते पाहण्यासाठी आपल्याच मातीतला एक प्राणी घेऊ.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांना ऐंशीच्या दशकात एका मोठ्या सॉरोपॉडचा सांगाडा मिळाला. 1997 साली जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याचे वर्णन टायटॅनोसॉरस कोलबर्टाय या नावाने केले. 2003 साली विल्सन आणि अपचर्च यांनी त्याला स्वतंत्र प्रजाती ठरवून, संस्थेच्या आद्याक्षरांवरून, इसिसॉरस हे नाव दिले. क्रिटेशियस काळाच्या अखेरीचा हा प्राणी. तो ज्या थरात सापडला त्या लॅमेटा थरांवरच पुढे दख्खनचा काळा पाषाण पसरला.

भारतातल्या सॉरोपॉडांमध्ये हा सांगाडा चांगला म्हणावा असा आहे. मानेचे, पाठीचे, कमरेचे आणि शेपटीचे मणके, फासळ्या, कटीची हाडे, खांदा आणि डावा पुढचा पाय मिळाला. मिळाले नाही ते कवटी, मागचे पाय आणि पावले. चित्र काढायला बसणाऱ्याने ही दुसरी यादी आधी डोळ्यांपुढे ठेवावी. इसिसॉरसच्या बऱ्याच चित्रांत पुढचे पाय लांब, मागचे आखूड आणि पाठ तरसासारखी मागे उतरलेली दिसते. पुढचे पाय लांब आहेत हे हाडावरून कळते. पण उतार किती, हे मागच्या पायांच्या लांबीवर ठरते आणि मागचे पाय तर हाती नाहीत. म्हणजे तो तीव्र उतार हा अर्धा पुरावा आणि अर्धा अंदाज आहे, आणि अंदाजाचा अर्धा भाग चित्रकारागणिक वाढत गेला आहे.

आता नेहमीच्या पद्धतीचा प्रॉम्प्ट पाहा.

```
Isisaurus, realistic dinosaur, prehistoric India, volcano, highly detailed
```

याच्या उत्तरात येणारा प्राणी बहुधा ब्रॅकिओसॉरस असतो, कारण लांब मान आणि उंच खांदे म्हटले की यंत्रापाशी तोच भरपूर आहे. त्याच्या कपाळावर तो ओळखीचा फुगवटा असतो, मान जिराफासारखी उभी असते, चारही पायांना हत्तीची नखे असतात. इसिसॉरस या नावाखाली यंत्राने पाहिलेली चित्रे इतकी थोडी आहेत की त्या शब्दाला चित्र ओढून आणण्याचे बळच नाही. उलट 'डायनासोर' या शब्दाला नको इतके बळ आहे, तो सगळे चित्रपटाकडे खेचतो. दोन्ही शब्द काढून टाकले तर गेंडा आणि जिराफ यांची खिचडी मिळते. मला मधला शब्द सर्वांत कामाचा वाटतो: 'सॉरोपॉड'. तो शरीराचा साचा आणतो, पण त्यामागे सिनेमाचे सामान येत नाही. पुढचे सगळे शब्दांनी बांधायचे.

बांधताना नकार टाळावा. 'शेपूट जमिनीला टेकलेली नको' असे लिहिले की अनेक साधनांत नेमकी टेकलेली शेपूट येते, कारण शब्द पोचतो आणि नकार वाटेत गळतो. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते, तिथे ते लिहावे. एरवी हवे तेच सांगावे: शेपूट कमरेच्या उंचीवर मागे सरळ, तोंड मिटलेले. 'शास्त्रीयदृष्ट्या अचूक' हे शब्दही निरुपयोगीच. ते शब्द आंतरजालावर कोणत्या चित्रांखाली छापले जातात ते आठवावे: ज्यांना अचूक म्हणून विकायचे आहे अशा खेळण्यांखाली.

मानेचा प्रश्न थोडा वेळ मागतो. 1999 साली स्टीव्हन्स आणि पॅरिश यांनी संगणकावर मणके जुळवून काही सॉरोपॉडांची मान जवळजवळ आडवी असल्याचे मांडले. दहा वर्षांनी टेलर, वेडेल आणि नेश यांनी आजचे सस्तन प्राणी आणि पक्षी मान कशी धरतात हे पाहून सॉरोपॉडही ती सहसा उचलून धरत असावेत असे म्हटले. वाद मिटलेला नाही. इसिसॉरसची मान त्याच्या नातलगांच्या तुलनेत आखूड आणि जाड आहे, त्यामुळे राजहंसासारखा वळसा तर इथे बसतच नाही. 'जाड मान, हळूहळू चढत जाणारी' हे दोन्ही मतांना न दुखावणारे वर्णन आहे. चरताना मान खाली असणे तर कोणत्याच मताप्रमाणे चूक नाही, आणि यंत्राला उभ्या मानेची सवय असल्याने ती खाली आणल्यावर चित्र आपोआप ताजे वाटते.

शब्दांनी इतके साधते, पुढे मात्र हात चालवावा लागतो. पाठीचा उतार 'थोडासा' म्हणजे किती, हे शब्दात सांगता येत नाही. म्हणून जे लोक हे काम गांभीर्याने करतात ते कागदावर बाजूने बाह्याकार काढून घेतात. वर्णनात दिलेल्या हाडांची मापे घ्यायची, एका प्रमाणात मांडायची, मागच्या पायासाठी जवळच्या टायटॅनोसॉरचे प्रमाण उसने घ्यायचे आणि तसे टिपून ठेवायचे. हाडांबाहेर मांसाचा थर द्यायचा, मानेच्या बुडाशी आणि शेपटीच्या सुरुवातीला भरपूर, कारण मागचा पाय ओढणारा मोठा स्नायू शेपटीलाच जोडलेला असतो. मग त्या रेखाटनाचा फोटो यंत्राला द्यायचा. स्टेबल डिफ्यूजनसोबत वापरले जाणारे 2023चे कंट्रोलनेट नेमके यासाठीच आहे: रेषा किंवा खोली पक्की ठेवून आत रंग आणि प्रकाश भरायला सांगता येते. ते नसेल तर चित्रावरून चित्र करण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. तिथे बदलाची मात्रा साधारण 0.5च्या आसपास किंवा खाली ठेवली तर आपला आकार टिकतो. 0.8च्या पुढे गेली की फुगवटा कपाळावर परत उगवतो. दुसऱ्या कुणी काढलेल्या सांगाड्याच्या आराखड्यावरून हे करू नये. ते आराखडे काढणाऱ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत त्यात असते, आणि त्यांना विचारल्याशिवाय ती यंत्रात घालणे ही चोरीच.

पावलांकडे लोक शेवटी पाहतात, खरे तर ती आधी तपासावीत. इसिसॉरसची पावले मिळालेली नसली तरी टायटॅनोसॉरांचा पुढचा पाय कसा असतो हे इतर सांगाड्यांवरून आणि पाऊलखुणांवरून चांगले कळलेले आहे. तळहाताची हाडे नळ्यांसारखी उभी, अर्धवर्तुळात जोडलेली. बोटे जवळजवळ गेलेली, नखे नाहीत. वरून पाहिले तर घोड्याच्या नालासारखा ठसा. मागच्या पावलांना मात्र मोठी नखे असतात. यंत्र चारही पायांना हत्तीची गोल नखे लावते, आणि ती दिसली की चित्रात आकाराचा अभ्यास झालेला नाही हे लगेच ओळखावे. प्रॉम्प्टमध्ये 'stump' लिहिले तर तोडलेला पाय किंवा झाडाचा बुंधा येण्याचा धोका असतो, म्हणून 'गुळगुळीत, बोथट टोक' असे लिहावे. तरीही नखे राहिलीच तर तेवढा भाग निवडून पुन्हा काढून घ्यावा.

कातडीवर तपशील मागण्याचा मोह आवरावा. अर्जेंटिनात ऑका महुएवो इथे सापडलेल्या टायटॅनोसॉरच्या भ्रूणांवर कातडीचे ठसे आहेत: एकमेकांवर न चढणारे बारीक दाणेदार खवले. मोठ्या प्राण्याच्या अंगावर असे दाणे तीस मीटरवरून डोळ्यांना दिसणारच नाहीत. 'भरपूर तपशील' असे मागितले की यंत्र दुरूनही प्रत्येक खवला रंगवते आणि प्राणी मगरीच्या आकाराचा वाटू लागतो, म्हणजे तपशिलानेच तो लहान होतो. काही टायटॅनोसॉरांच्या कातडीत हाडांच्या गाठी असत आणि अशी एक गाठ लॅमेटा थरातूनही नोंदवली गेली आहे. पण ती इसिसॉरसची आहे असे म्हणायला आधार नाही, म्हणून मी त्या घालणार नाही. रंगाचा तर काहीच पुरावा नाही. मळकट तपकिरी रंग आपण निवडतो तो निव्वळ मोठ्या शाकाहारी प्राण्यांना शोभतो म्हणून.

अधिवासाच्या बाबतीत मात्र विदर्भाने जगभरच्या चित्रकारांची एक पक्की समजूत मोडली आहे. डायनासोरच्या चित्रात गवत काढायचे नाही, हा नियम कित्येक दशके नवशिक्यांना शिकवला गेला. गवत नंतर आले, असे मानले जाई. डोंगरगावच्या जवळच पिसदुरा आहे. नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथली हाडे गोळा केली होती, आणि तिथल्या विष्ठेच्या जीवाश्मांवर 1939 साली मॅटली यांनी लिहिले होते. 2005 साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्या जीवाश्मांतून वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे केले. त्यांत आजच्या गवतांशी नाते सांगणारे किमान पाच प्रकार निघाले. ते 'सायन्स' या नियतकालिकात छापून आले आणि गवत नको हा नियम निदान भारतापुरता बाद झाला.

पण इथेच प्रॉम्प्ट लिहिणारा दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. गवत होते म्हणून तो 'grassland' लिहितो आणि सेरेंगेटीचे मैदान समोर येते. त्या विष्ठेत गवताबरोबर ताड, शंकुधारी झाडे, सायकॅड आणि रुंद पानांच्या झाडांचेही अवशेष होते. खाणारा प्राणी जे मिळेल ते खात होता, गवताळ माळावर चरत नव्हता. मोकळा गवताळ प्रदेश हा फार पुढच्या काळाचा देखावा. म्हणून गवत हवे ते विरळ झुपक्यांत, मातीतून इकडेतिकडे डोकावणारे, आणि मागे झाडे. डोंगरगाव-पिसदुरा परिसरातल्या थरांत तांबडी माती आणि उथळ पाण्याचे गाळ आहेत, माशांचे आणि कासवांचे अवशेष आहेत. तेव्हा सरोवराचा काठ बरोबर, पण सॉरोपॉडला गळ्यापर्यंत पाण्यात बुडवणे नको. ते चित्र दलदलीच्या जुन्या मतातून येते. काठावर एखादे कासव ठेवले तर आकाराचा अंदाज मिळतो, आणि ते तिथले आहे याला पुरावाही आहे.

ज्वालामुखीचे काय? दख्खनचा लाव्हा जमिनीच्या लांब भेगांतून पसरत आला. फुजीसारखा शंकू इथे नव्हता. 'volcano' हा शब्द लिहिला की शंकूच येतो, त्याला पर्याय नाही. डोंगरगावचा थर तर लाव्हाच्या खालचा आहे. तो शब्द गाळावा हे बरे. एकाच चित्रात राजासॉरस, अंड्यांवर टपलेला सनाजे साप आणि इसिसॉरस यांना एकत्र आणण्याचीही हौस दिसते. पहिले दोघे गुजरातचे, तिसरा चंद्रपूरचा. थराचे नाव एक असले तरी अंतर शेकडो किलोमीटरचे आहे आणि ते एकाच वेळी जगत होते असे ठामपणे म्हणता येत नाही.

हे सगळे मिळून प्रॉम्प्ट असा होतो:

```
Side view, long lens, overcast light. A very large sauropod with a deep
barrel body, shoulders a little higher than hips, thick neck rising at a
gentle slope, small plain head, mouth closed. Tail straight out behind at
hip height. Column-like front legs with smooth blunt ends. Dull brown
hide. Red clay flat beside a shallow lake, scattered tufts of grass, a
small turtle on the shore, palms and conifers behind.
```

क्रमाला इथे अर्थ आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत शब्द वाचणारा भाग 77 तुकड्यांपर्यंतच वाचतो. वरचा प्रॉम्प्ट त्याहून लांब आहे, म्हणजे मूळ मांडणीत शेवटची ओळ ऐकूच जाणार नाही. म्हणून शरीर आधी, झाडे शेवटी. नव्या साधनांना ही अडचण कमी येते, तरी आधी लिहिलेल्याचा पगडा जास्त राहतो असाच अनुभव आहे. दुरून, बाजूने पाहणे मुद्दाम मागितले आहे. जमिनीलगत कॅमेरा ठेवून रुंद भिंगातून पाहिले की प्रमाणाच्या सगळ्या चुका भव्यतेत लपतात. पहिले चित्र तपासण्यासाठी असावे, भारावून टाकण्यासाठी नंतरचे.

मांसाहारी डायनासोरांबद्दल इथे थोडक्यात. तळहात जमिनीकडे वळलेले दिसले, सशासारखे पुढे लोंबणारे, तर चित्र फेटाळावे. ते एकमेकांसमोर असायला हवेत. ओठांबद्दल 2023 साली 'सायन्स'मध्ये आलेल्या संशोधनाने दात झाकलेले असण्याची बाजू बळकट केली, पण सगळे शास्त्रज्ञ त्याला तयार नाहीत. तोंड मिटून दाखवले की निदान चित्रपटातला जबडा तरी टळतो.

एकंदरीत या कलेची आजची स्थिती अशी आहे की पृष्ठभाग अप्रतिम आणि आतला सांगाडा उसना. प्रकाश, चिखल, डोळ्यातली ओल हे सगळे यंत्राला येते, आणि त्यामुळेच चूक पटकन लक्षात येत नाही. 1854चा इग्वानोडॉन चुकीचा असला तरी तो त्या काळच्या कुणीतरी हाडे समोर ठेवून केलेला विचार होता. त्याला आज खोडता येते, कारण त्यात एक म्हणणे आहे. यंत्राच्या सरासरी चित्रात खोडण्यासारखे म्हणणेच सापडत नाही. डायनासोर चित्रकारांचा या साधनांवर राग आहे, आणि तो मला रास्त वाटतो: ज्यांनी प्रत्येक पावलासाठी शास्त्रज्ञांशी वाद घातले त्यांचीच चित्रे न विचारता या ढिगात गेली, आणि बाहेर आले ते नखांसकट.

म्हणून शाळेच्या भिंतीवर किंवा मासिकात असे चित्र लावताना त्याखाली काय पुराव्याचे आणि काय कल्पनेचे ते लिहिले पाहिजे. इसिसॉरसपुरते: खांदा, पुढचा पाय आणि मणके हाडांवरून, मागचे पाय जवळच्या नातलगावरून, डोके आणि रंग अंदाजाने, झाडे आणि गवत पिसदुऱ्याच्या जीवाश्मांवरून. ही ओळ नसलेले चित्र इसिसॉरस या नावाने आंतरजालावर गेले की पुढची साधने त्यावरच शिकतील, आणि ब्रॅकिओसॉरसच्या कपाळाचा तो फुगवटा चंद्रपूरच्या प्राण्याच्या नावावर जमा होईल, ज्याची कवटी अजून कुणाला सापडलेली नाही.